आधी घाईचा ठोका, मग रिकामी जागा

«मी ४८ वर्षांची, राहायला मुलुंडला, नोकरी फोर्टला बँकेत. दिवाळीत नवं घड्याळ घेतलं, त्यात ईसीजी निघतो. गेले दोन महिने छातीत मधूनच धडकन होतं, ठोका चुकल्यासारखं वाटतं, म्हणून पट्टी काढून बघते. दर वेळी Sinus Rhythm असं लिहून येतं. पण पट्टीत मध्येच एक वेगळाच जाड काटा दिसतो आणि त्यानंतर मोठी रिकामी जागा. तेवढा वेळ माझं हृदय बंद पडतं का? लोकलमध्ये काढलेली एक पट्टी तर नुसती खरवडल्यासारखी आली आणि उत्तर Inconclusive. दोन्ही पट्ट्या सोबत पाठवते. हल्ली दिवसातून वीस-वीस वेळा काढते. घरचे हसतात, मला झोप लागत नाही. हे वाचायचं तरी कसं? — मुलुंडची एक वाचक»

ताई, बंद पडत नाही. ती जागा रिकामी का राहिली याचं कारण तिच्या आधीच्या ठोक्यात आहे आणि तुमच्याच पट्टीवर ते चौकोन मोजून दाखवता येतं. तेच आज करू.

आधी एक सांगते. मी डॉक्टर नाही. महापालिकेच्या एका रुग्णालयात ३१ वर्षं कार्डिओग्राम काढायचं काम केलं. निदान डॉक्टरांचं. पण पट्टी त्यांच्या टेबलावर जायच्या आधी माझ्या बोटांखालून जायची आणि बाहेरच्या बाकावरच्या कुणाला आधी आत घ्यायचं हे पुष्कळदा माझ्या नजरेवर ठरायचं. तेवढ्या अधिकाराने बोलते.

फोनवर पट्टी बघू नका. हेल्थ ॲपमधून तिची पीडीएफ काढा आणि खालच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणा. ३० सेकंदांची पट्टी कागदावर एकाखाली एक तीन ओळींत येते, प्रत्येक ओळ १० सेकंदांची. तळाशी बारीक अक्षरांत 25 mm/s, 10 mm/mV, Lead I असं लिहिलेलं दिसेल. आमच्या यंत्रातूनही कागद याच वेगाने सुटायचा, सेकंदाला २५ मिलिमीटर. म्हणून एक छोटा चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद. पाच छोट्यांचा एक मोठा, तो ०.२ सेकंदांचा. पाच मोठे झाले की एक सेकंद. कागद छापताना लहानमोठा झाला तर मिलिमीटर चुकतात, चौकोन चुकत नाहीत. त्यामुळे फूटपट्टी घेऊन मोजू नका, चौकोन मोजा.

Lead I म्हणजे उजवा हात आणि डावा हात यांच्यातला विजेचा फरक. तुमच्या मनगटाला घड्याळाची पाठ लागलेली असते आणि दुसऱ्या हाताचं बोट बटणावर असतं, म्हणजे हृदय मध्ये ठेवून दोन हातांत तार जोडल्यासारखंच. नेदरलँड्सच्या आइंटहोवेन यांनी शंभरहून जास्त वर्षांपूर्वी हीच जोडणी वापरली, तेव्हा रुग्णाला मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत हात बुडवून बसावं लागे. पट्टीवरच्या खुणांना P, Q, R, S, T ही अक्षरंही त्यांनीच दिली आणि १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. आता ती भांडी मनगटावर आली आहेत, पण बघायची खिडकी तीच एक आहे. रुग्णालयात दहा ठिकाणी तारा लावून आम्ही बारा खिडक्या उघडतो. हा फरक पुढे कामाला येईल.

आता तुमच्या पट्टीची पहिली ओळ घ्या. ती अगदी साधी, सरळ आहे. प्रत्येक ठोक्याची तीन चिन्हं आहेत. आधी एक छोटासा उंचवटा, मग एकदम वर गेलेला बारीक सुळका, आणि मग एक बसकी टेकडी. उंचवटा म्हणजे P. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातल्या एका ठिपक्याएवढ्या गाठीतून संदेश निघतो आणि दोन्ही वरचे कप्पे आवळतात, त्याची ही नोंद. सुळका म्हणजे खालच्या दोन मोठ्या कप्प्यांचं आवळणं. टेकडी, म्हणजे T, हे ठोक्यानंतर खालच्या कप्प्यांनी पुन्हा तयार होणं. तुमचा उंचवटा जेमतेम एका छोट्या चौकोनाएवढा उंच आहे. मनगटाच्या पट्टीवर तो असाच क्षीण असतो आणि हात जरा थरथरला तरी बुडतो. एका ठोक्यात दिसला नाही म्हणून घाबरू नका. ओळीतले पाच-सहा ठोके बघा. सुळक्याच्या आधी तेवढ्याच अंतरावर तोच फुगवटा पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो आहे.

सुळका बारीक का असतो, हे नीट कळलं की जाड काट्याचं कोडं अर्धं सुटतं. खालच्या कप्प्यांत संदेश नेणाऱ्या खास वाहिन्या आहेत. त्या मार्गाने संदेश सगळीकडे जवळजवळ एकाच वेळी पोचतो. तुमचा नेहमीचा सुळका रुंदीला दोन छोटे चौकोन आहे, म्हणजे ०.०८ सेकंद. हा संदेश फास्ट ट्रॅकवरून गेला.

आता कंपासपेटीतलं कर्कटक काढा. मुलं मोठी झाली असतील तर माळ्यावर सापडेल. नाहीच सापडलं तर एका चिठोऱ्याची सरळ कड चालेल. कडेवर दोन शेजारच्या सुळक्यांच्या टोकांशी पेन्सिलीने खुणा करा आणि चिठोरा पुढच्या जोडीवर सरकवा. पहिल्या ओळीत तुमचं अंतर २० छोटे चौकोन आहे. कुठे १९, कुठे २१. तो श्वासाचा खेळ आहे, श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात आणि सोडताना लांबतात. २० चौकोन म्हणजे ०.८ सेकंद, मिनिटाला ७५ ठोके. पडताळा हवा तर तिन्ही ओळींतले सगळे सुळके मोजून दुप्पट करा. मी मोजले, ३७ आले. दुप्पट ७४. जुळलं.

मग दुसरी ओळ. तिसऱ्या सुळक्यानंतर पुढचा २० चौकोनांवर यायला हवा होता, तो १२ वरच आला. हाच तुमचा जाड काटा. जवळ जाऊन बघा. त्याच्या आधी उंचवटा नाही. रुंदी जवळपास चार छोटे चौकोन, म्हणजे नेहमीच्या दुप्पट. आणि त्याच्या मागची टेकडी टेकडी नाहीच, उलटी, खाली गेलेली दरी आहे. यानंतर ती लांब जागा. मोजा. २८ चौकोन. आणि मग पुन्हा आपला साधा ठोका, उंचवट्यासकट.

१२ आणि २८ किती? ४०. आणि तुमची दोन नेहमीची अंतरं मिळून किती? २० आणि २०, चाळीसच.

हा योगायोग नाही. तो जाड ठोका गाठीतून निघालेलाच नाही. खालच्या कप्प्यातल्याच कुठल्याशा पेशींनी वेळेआधी स्वतःहून उडी मारली. त्यांचा संदेश त्या खास वाहिन्यांतून न जाता पेशीकडून पेशीकडे, स्लो ट्रॅकवरून, सरकत पसरला. म्हणून सुळका जाड झाला आणि मागची टेकडी उलटी पडली. याला व्हेंट्रिक्युलर एक्टोपिक म्हणतात, रिपोर्टवर VPC किंवा PVC असं लिहिलेलं सापडेल. इकडे वरची गाठ आपल्या वेळापत्रकाने चाललीच होती. तिचा पुढचा संदेश अगदी वेळेवर निघाला, पण खाली पोचला तेव्हा खालचे कप्पे नुकतेच आवळून गेल्यामुळे दमलेले होते. प्लॅटफॉर्मवर आधीच गाडी उभी असल्यासारखं. तो संदेश वाया गेला. त्याच्या नंतरचा पुन्हा वेळेवर आला आणि ठोका पडला. वेळापत्रक एका क्षणानेही हललं नाही, म्हणून बेरीज चाळीस.

म्हणजे तुमच्या रिकाम्या जागेत चुकलेला ठोका नाही, आधीच पडून गेलेला आहे. २८ चौकोन म्हणजे १.१२ सेकंद. मिनिटाला ५४ ठोके पडणाऱ्या माणसाच्या दोन ठोक्यांत कायमच एवढं अंतर असतं.

मग छातीत धडकन का होतं? घाईच्या ठोक्याला हृदय भरायला वेळच मिळालेला नसतो. थोडंसं रक्त ढकललं जातं, कधी कधी नाडीपर्यंत पोचतही नाही. तो ठोका तुम्हाला बहुधा जाणवतच नाही. जाणवते ती त्यानंतरची शांतता. त्या लांब जागेत हृदय नेहमीपेक्षा जास्त भरतं आणि पुढचा ठोका दणकून पडतो. म्हणजे ज्याला तुम्ही धडकन म्हणता तो ठोका साधा, निरोगी ठोका आहे. पट्टी काढताना धडकन झालं की बोट न हलवता मनात आकडा मोजत राहा, आणि मग कागदावर ती जागा शोधा. जाणीव जाड काट्याशी जुळणार नाही, त्याच्या पुढच्याशी जुळेल.

यातून अजून एक गोष्ट निघते, तुमच्या बाबतीत अजून झालेली नाही, पण होऊ शकते. घड्याळ एरवी मागच्या हिरव्या उजेडाने नाडी मोजतं. प्रत्येक साध्या ठोक्यामागे एक घाईचा ठोका लागला, तर नाडीला निम्मेच ठोके लागतात आणि घड्याळ ३८ असा आकडा दाखवून मोकळं होतं. अशा वेळी बोट लावून पट्टी काढावी. तिच्यात सुळके मोजले तर ७६ निघतात. रक्तदाबाचं घरचं यंत्रही याच फसगतीत सापडतं. असा कमी आकडा बघून रडवेले झालेले लोक आमच्या खोलीत पुष्कळ यायचे.

सगळ्याच रिकाम्या जागा अशा नसतात, म्हणून एक सवय लावून घ्या. जागा दिसली की आधी तिच्या डावीकडे बघायचं. डावीकडे घाईचा जाड काटा असेल तर आत्ता सांगितलं ते. घाईचा पण बारीक सुळका असेल, अगदी नेहमीसारखा, तर उडी वरच्या कप्प्यातून आली आहे. तिथे बेरीज चाळीस भरत नाही. १२ आणि २३ मिळून ३५ अशी कमी पडते, कारण या उडीने वरच्या गाठीचं वेळापत्रकच नव्याने सुरू होतं. हाही सहसा साधाच प्रकार.

डावीकडे काहीच घाईचं नसेल, चांगली चाललेली ओळ अचानक थांबली असेल, तेव्हा थोडं जास्त बघायचं. जागेच्या आधीची शेवटची टेकडी इतरांपेक्षा वेगळी आहे का, तिच्या पाठीवर एखादं टोक किंवा खाच आहे का? असेल, तर वरच्या कप्प्याचा फार लवकर आलेला उंचवटा त्या टेकडीत लपला आहे आणि खाली पोचलाच नाही. अचानक दिसणाऱ्या जागांमागे बहुतेक वेळा हाच छुपा उंचवटा असतो. टेकडी स्वच्छ आहे आणि रिकाम्या जागेत उंचवटे मात्र वेळेवर येत आहेत, पण त्यांच्यामागे सुळकाच नाही, तर संदेश मधल्या वाटेवर अडतो आहे. जागेत उंचवटाही नाही, नुसती सपाट रेघ आहे, तर गाठच थांबली आहे. हे शेवटचे दोन प्रकार घरी बसून सोडवायचे नाहीत, ती पट्टी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायची. आणि जागते असताना १५ मोठे चौकोन, म्हणजे पूर्ण तीन सेकंद, सुळका नाही, किंवा अशा जागेच्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली, तर आठवड्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं.

एक ढब मात्र वेगळीच ओळखायची. तिच्यात एखादी जागा मोठी नसते, सगळ्याच अंतरांचा मेळ सुटलेला असतो. १४, २२, १७, ११, २५, कुठलीही दोन अंतरं जुळत नाहीत. चिठोऱ्याच्या खुणा कुठेच बसत नाहीत, आणि उंचवट्यांच्या जागी नुसती थरथरती रेघ. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात आणि घड्याळाचं गणित मुख्यतः हेच पकडण्यासाठी बसवलेलं आहे. त्यात वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचा धोका असतो, म्हणून ते दुर्लक्षून चालत नाही. तुमच्या पट्टीत हा आणि असाच आणखी एक, असे दोन घाईचे ठोके सोडले तर सगळं वेळापत्रकाप्रमाणे आहे, म्हणून उत्तर Sinus Rhythm आलं. पण त्या दोन शब्दांचा अर्थ ‘हृदय ठणठणीत’ असा नाही. गाठीची लय आहे, ठोक्यांचा वेग घड्याळाच्या मर्यादेत आहे आणि फिब्रिलेशन दिसलं नाही, इतकंच घड्याळ सांगतं. घाईच्या ठोक्यांची ते वेगळी नोंद देत नाही. ते तुम्ही स्वतः डोळ्यांनी पकडलंत, मला कौतुक वाटलं.

लोकलमधली पट्टी. ताई, तिला माफ करा. एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हाताचं बोट घड्याळावर टेकवून, घाटकोपरच्या गर्दीत काढलेली ती पट्टी आहे हे तुम्ही लिहिलं नसतंत तरी मी ओळखलं असतं. दंडाचे स्नायू ताणलेले असले की त्यांचीही वीज तारेत मिसळते, त्यामुळे रेघ केसाळ दिसते. गाडीच्या हेलकाव्याने बोट सरकलं की रेघ एकदम वर उडते आणि खाली येते, तुमच्या पट्टीवर असे तीन ‘सुळके’ लागोपाठ आहेत. त्यांच्यातलं अंतर मोजा. तीन छोटे चौकोन. म्हणजे ०.१२ सेकंद, हिशेबाने मिनिटाला ५०० ठोके. माणसाचे खालचे कप्पे एवढ्या वेगाने आवळूच शकत नाहीत, एका ठोक्यानंतर त्यांना सावरायला याहून जास्त वेळ लागतो. तेव्हा ते सुळके हृदयाचे नाहीत. आता पहिल्या पट्टीवरून केलेला २० चौकोनांचा चिठोरा या पट्टीवर सरकवा. केसाळ रेघेतून, त्या तीन खोट्या सुळक्यांच्या आरपार, खरे सुळके आपापल्या जागी वर डोकावताना दिसतील. गाडीत उभं राहून वेग थोडा वाढला असेल तर १७-१८ वर दिसतील, पण सारख्या अंतराने. खरं-खोटं ओळखायची याहून चांगली युक्ती मला ३१ वर्षांत सापडली नाही. Inconclusive म्हणजे मला वाचता आलं नाही, असं घड्याळ म्हणतं आहे. गर्दीत उभ्याने काढली असेल तर ते खरंच आहे. पण शांत बसून काढलेल्या पट्टीवरही तेच उत्तर वारंवार यायला लागलं, तर मात्र ती पट्टी माणसाला दाखवायची.

पट्टी काढायची ती ऑफिसला पोचल्यावर, पाच मिनिटं बसून. दोन्ही हात कोपरापासून टेबलावर सैल टाकायचे. मनगट कोरडं खडखडीत असेल तर ओल्या रुमालाने जरा पुसायचं, घामेजलेलं असेल तर टिपायचं. पट्टा एक भोक घट्ट. बोट नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही, दाबलं की हात ताठतो. बोलायचं नाही. आणि कुठल्या मनगटावर घड्याळ आहे ते सेटिंगमध्ये बरोबर आहे ना बघा. हौसेने उजव्या हातात घालून सेटिंग डाव्याचंच ठेवलं तर सगळी पट्टी पालथी छापली जाते, सुळके खाली आणि टेकड्याही खाली. अशी एक पट्टी घेऊन माझ्या भाचीने रात्री दीड वाजता मला उठवलं होतं.

आता वीस-वीस पट्ट्यांविषयी. ३७ ठोक्यांत दोन घाईचे, म्हणजे शंभरात पाच, असा हिशेब तुम्ही कराल म्हणून आधीच सांगते की तो चूक आहे. तुम्ही पट्टी धडकन झाल्यावरच काढता. पावसात बाहेर पडल्यावरच आभाळ बघायचं आणि मुंबईत रोज पाऊस पडतो म्हणायचं, तसं ते होतं. खरा आकडा होल्टरवर निघतो, म्हणजे २४ तास अंगावर बांधून प्रत्येक ठोका टिपणाऱ्या यंत्रावर. दिवसाकाठी हृदय साधारण एक लाख वेळा ठोकतं. त्यात असे काही ठोके निरोगी माणसांनाही पडतात, ज्यांना जाणवत नाहीत ते सुखात असतात. पण ते दहा हजारांच्या, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास गेले, तर कालांतराने हृदयाचा स्नायू थकू शकतो, म्हणून डॉक्टर तिथून पुढे बारीक लक्ष ठेवतात. हा आकडा मनगटावरून कळणार नाही, विसाऐवजी चाळीस पट्ट्या काढल्या तरी.

तेव्हा आजपासून पट्टी धडकन झालं तरच, आणि दिवसाला फार तर दोन. चांगल्या निघालेल्या दोन-तीन छापून घ्या आणि प्रत्येकीच्या मागे वेळ, तेव्हा काय करत होतात आणि त्याआधी काय खाल्लं-प्यायलं ते पेनने लिहा. रात्रीची अपुरी झोप, चहा-कॉफी, ताप, काही सर्दीची औषधं यांनी घाईचे ठोके वाढतात. पाळी जायच्या वयातही पुष्कळ बायकांना धडधड सुरू होते, तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, बायका नेमकं तेवढंच गाळतात. घराजवळच्या एमडी डॉक्टरांकडे जा. ते बारा खिडक्यांचा कार्डिओग्राम काढतील, रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि पोटॅशियम बघतील, बहुधा इको आणि होल्टर सांगतील. हृदयाची रचना इकोत चांगली निघाली आणि ठोके थोडे असले, तर औषध लागतंच असं नाही.

यासाठी तुम्हाला धावत जायची गरज नाही, पण या महिन्यात जाच. धावत कधी जायचं तेही ऐका. घाईचे जाड काटे एकामागून एक तीन किंवा जास्त लागले, त्यांच्यामध्ये साधा ठोकाच नाही. धडकन चालताना, जिना चढताना वाढतं. चक्कर येते, शुद्ध हरपते. घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं आहे. यातलं काहीही असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

आणि छातीत दाब आला, कळ खांद्यात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम फुटला, तर घड्याळाला बोट लावूच नका. हृदयविकाराचा झटका ही एक खिडकी दाखवत नाही. तो बहुतेक वेळा हृदयाच्या अशा भिंतीवर असतो जी हातापासून हातापर्यंतच्या रेघेतून दिसतच नाही. झटका चालू असताना काढलेल्या पट्टीवरही Sinus Rhythm येऊ शकतं आणि ते वाचून माणूस घरी बसून राहतो. त्या वेळी १०८ लावा, किंवा शेजाऱ्याला उठवून जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा.

होल्टर लावतील त्या दिवशी रजा घेऊ नका. नेहमीची लोकल पकडा, नेहमीचा चहा घ्या, सीएसएमटीचा जिना चढा. घरी पडून राहिलात तर यंत्र तुमचा नव्हे, रजेचा दिवस मोजेल. सोबत एक वही देतील, तिच्यात प्रत्येक धडकनची वेळ लिहा, म्हणजे नोंदीशी ताडून बघता येईल. आणि अंघोळ सकाळीच उरकून जा, यंत्र उतरेपर्यंत छातीला पाणी लावता येत नाही.